माठ की मठ? त्रिमितीय वस्तूंच्या कोठारातली नावनिशी

समजा, पुण्यातल्या एका छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओला पेशवाईतला वाडा संगणकावर उभा करायचा आहे. चौकात तुळशीवृंदावन, ओसरीवर झोपाळा, कोनाड्यात पणती, माजघरात पाट, कोपऱ्यात तिवईवर माठ आणि देवघरात समई. यातली प्रत्येक वस्तू कोणीतरी एकदा घडवतो. तिचा आकार घडवायचा, तिच्यावर पितळेचा किंवा मातीचा पोत चढवायचा आणि मग ती सगळ्यांच्या सामायिक लायब्ररीत ठेवायची. पुढच्या मालिकेत, पुढच्या जाहिरातीत तीच समई पुन्हा वापरता यावी, हा हिशेब.

सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी माठ हवा असतो. नवा कलाकार लायब्ररीत `math` असे टाइप करून शोधतो. `math_01` सापडते. उघडून पाहावे तर आत दगडी मठ. `math_utils` नावाची आणखी एक फाइल निघते, ती गणिताची आकडेमोड करणारी स्क्रिप्ट असते. खरा माठ लायब्ररीतच आहे, पण तो घडवणाऱ्याने नाव दिले होते `maatha_new`. ते या वेळी डोळ्यांखालून निसटते आणि नवा कलाकार दिवसभर खपून दुसरा माठ घडवतो. आता लायब्ररीत दोन माठ झाले. तिसऱ्या माणसाला त्यातला कोणता घ्यायचा हे कळणार नाही.

घोळ इथेच थांबला तर एक दिवस वाया गेला एवढेच नुकसान. खरी पंचाईत पुढे होते, कारण अशा लायब्ररीत नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी नसते. ते पत्रावरच्या पत्त्यासारखे असते.

पत्ता बदलला की घर हरवते

वाड्याचा एक शॉट म्हणजे एक फाइल. त्या फाइलमध्ये समईची प्रत नसते, फक्त उल्लेख असतो: अमुक फोल्डरमधल्या अमुक फाइलमधून अमुक नावाची वस्तू आण. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये याला ‘लिंक’ करणे म्हणतात. फायदा उघड आहे. बारा शॉटमध्ये समई असली, तरी ती एकाच जागी सुधारली की बाराही ठिकाणी सुधारते. शिवाय शॉटची फाइल हलकी राहते.

या उल्लेखाचे दोन तुकडे असतात. एक म्हणजे फाइलचा पाथ आणि दुसरा म्हणजे फाइलच्या आतले वस्तूचे नाव. यातला एक तुकडा जरी बदलला, तरी लिंक तुटते. कोणी सद्भावनेने लायब्ररी ‘नीट लावायला’ घेतली आणि `Samai` फोल्डरचे नाव `diva_samai` केले, की बारा शॉटमधून समई गायब होते. पोताची चित्रे हलवली, तर ब्लेंडरमध्ये ती वस्तू भडक किरमिजी गुलाबी दिसू लागते. हरवलेल्या टेक्स्चरची ती ठरलेली खूण आहे. गुलाबी रंग निदान डोळ्यांत भरतो. पण समईच गायब झाली, तर ती तिथे होती हे ज्याला आठवत असेल त्यालाच कळते.

हाडांच्या बाबतीत हे आणखी बारकाईने जाणवते. पात्र हलवण्यासाठी त्याच्या आत जो सांगाडा बसवतात, त्याला रिग म्हणतात. हात वर केल्याची हालचाल ब्लेंडरमध्ये त्या हाडाच्या नावाने साठवलेली असते. लायब्ररीतल्या रिगमध्ये हाडाचे नाव बदलले, की त्या हाडापुरती हालचाल शॉटमध्ये लागू होत नाही आणि हात लटकत राहतो. शॉटच्या फाइलला कोणी बोटही लावलेले नसते.

म्हणून नाव ठेवण्याचा पहिला नियम एवढाच निघतो: जे पुढे बदलू शकते ते नावात घालायचे नाही. घडवणाऱ्याचे नाव नको, कारण उद्या दुसरा माणूस ती वस्तू सुधारेल. तारीख नको. मालिकेचे नाव नको, कारण समई पुढच्या मालिकेतही जाणार आहे. आणि `final` तर नकोच. तो शब्द वस्तूबद्दल काही सांगत नाही, फक्त घडवणारा त्या दिवशी दमला होता एवढेच सांगतो.

मग उरते काय? वस्तूचा प्रकार, वस्तू आणि तिचा वाण. `prop_samai_a` यात `prop` म्हणजे हाताळायची वस्तू, `samai` म्हणजे समई, आणि `a` म्हणजे तिचा पहिला वाण. मोराची समई घडवली तर ती `prop_samai_b`. प्रकार आधी येतो, कारण यादी अक्षरांनुसार लागली की सगळ्या वस्तू एका ठिकाणी, सगळी पात्रे एका ठिकाणी येतात. अ‍ॅम्स्टरडॅमच्या ब्लेंडर स्टुडिओने आपल्या खुल्या चित्रपटांच्या फाइल आणि कामाची पद्धत जगापुढे ठेवली आहे. त्यातही हीच युक्ती दिसते: फाइलच्या आत दिसणाऱ्या आकारांची नावे `GEO-` ने सुरू होतात, सांगाड्यांची `RIG-` ने. शेकडो नावांच्या यादीतही काय काय आहे ते नजरेला लगेच समजते.

देवनागरीत का नाही?

मराठी वस्तूंना मराठी लिपीतच नावे का देऊ नयेत, हा प्रश्न रास्त आहे. आजचे संगणक देवनागरी फाइलनावे स्वीकारतात. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण लांबीची. ब्लेंडरमध्ये अगदी अलीकडेपर्यंत फाइलच्या आतल्या नावाला ६३ बाइटची मर्यादा होती. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी चिन्हे असतात. ‘तुळशीवृंदावन’ या एका शब्दात अशी बारा चिन्हे आहेत, म्हणजे ३६ बाइट. प्रकार, वाण आणि भागाचे नाव जोडले की जागा संपलीच.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. ‘वऱ्हाडी’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ संगणकावर एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरता येते, र खाली नुक्ता देऊन तेच साधता येते, किंवा हलन्त र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकता येते. पडद्यावर तिन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण आतले बाइट निराळे असतात. शॉटमध्ये एका रीतीने लिहिलेले नाव आणि लायब्ररीत दुसऱ्या रीतीने लिहिलेले, असे झाले तर लिंक जुळेलच असे नाही. वर माणसाला दोन्ही नावे सारखीच दिसत असल्याने तो चूक शोधत बसतो आणि ती सापडत नाही.

म्हणून बहुतेक स्टुडिओ फाइलनावांत फक्त रोमन लिपीतली लहान अक्षरे, आकडे आणि अधोरेषा वापरतात. लहान अक्षरांचा आग्रह उगाच नाही. विंडोजच्या लेखी `Samai.png` आणि `samai.png` ही एकच फाइल, लिनक्सच्या लेखी दोन वेगळ्या. कलाकाराच्या टेबलावर विंडोज आणि रात्रभर चित्रे काढणाऱ्या रेंडर फार्मवर लिनक्स, अशी विभागणी अनेक ठिकाणी असते. संध्याकाळी कलाकाराच्या पडद्यावर पितळी झळाळणारी समई सकाळी फार्मवरून आलेल्या चित्रात गुलाबी दिसली, तर आधी अक्षरे लहान-मोठी झाली आहेत का ते तपासावे. जागेचा पाथही तसाच: `D:\kaam\samai` हा पत्ता ज्याच्या संगणकावर डी ड्राइव्ह आहे त्याच्यापुरताच खरा. ब्लेंडरमध्ये `//` ने सुरू होणारा पाथ ‘या फाइलपासून मोजायचा’ असतो. त्यामुळे अख्खे फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेले तरी तो टिकतो.

रोमन लिपी घेतली की मात्र माठाचा आणि मठाचा प्रश्न उरतोच. `pat` म्हणजे पाट, पट की पत? `vada` म्हणजे वाडा की वडा? वाडा कोणी `wada` लिहील, कोणी `waada`, कोणी `vaada`. इंग्रजी शब्द वापरावेत तर समई आणि निरांजन दोन्ही `lamp` होतात. पाट, चौरंग आणि तिवई तिघांनाही `stool` म्हणावे लागते.

यावर उपाय साधा आहे, पण तो आधी करावा लागतो. स्टुडिओने शब्दांची एक यादी ठेवायची: मराठी शब्द, त्याचे ठरलेले एकच रोमन रूप आणि शोधाचे इतर शब्द. समई `samai`, माठ `maath`, मठ `math`, पाट `paat`, वाडा `wada`. यादीत नसलेला शब्द कोणी स्वतःहून ठरवायचा नाही. आधी तो यादीत घालायचा, मग फाइल बनवायची. शोध सोपा व्हावा म्हणून दुसरी सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. ब्लेंडर ३.० पासून असेट ब्राउझर आला आणि त्यात प्रत्येक वस्तूला टॅग आणि वर्णन जोडता येते. `maath` ला `pot`, `water`, `clay` असे टॅग लावले, की ज्याला ठरलेले रूप माहीत नाही त्यालाही माठ सापडतो. पत्ता एकच राहतो आणि तिथे पोहोचायच्या वाटा वाढतात.

नावातले काही शब्द माणसांसाठी नसून यंत्रासाठी असतात, हेही इथेच सांगायला हवे. ब्लेंडरसोबत येणाऱ्या नोड रँगलर या जोडणीत एक सोय आहे. पोताची चार-पाच चित्रे निवडली की ती फाइलनाव वाचून कोणते चित्र कुठे जोडायचे हे ठरवते. नावात `basecolor` असेल तर ते रंगाकडे जाते, `rough` असेल तर खडबडीतपणाकडे, `normal` असेल तर उठावाकडे. कोणी `samai_pitali_2.png` असे नाव दिले, तर यंत्राला काहीच कळत नाही आणि सगळे हाताने जोडावे लागते.

एक गोष्ट मात्र यंत्रालाही चित्र पाहून ओळखता येत नाही. उठाव दाखवणाऱ्या नॉर्मल मॅपचे दोन प्रघात आहेत, एक ओपनजीएलचा आणि एक डायरेक्टएक्सचा. दोन्हींत हिरव्या रंगाची दिशा उलट असते. चुकीचा घेतला तर समईवरची उभारलेली नक्षी खोदल्यासारखी दिसते. मोफत टेक्स्चर देणारे पॉली हेवन आपल्या फाइलनावांत म्हणूनच `nor_gl` आणि `nor_dx` असा भेद ठेवते. नावात काय असावे याचे हे चांगले उदाहरण आहे: फाइल उघडूनही सहज न कळणारी आणि पुढे कधी न बदलणारी गोष्ट.

एक बेट आणि एक स्वयंपाकघर

फोल्डर कसे लावावेत यावर मतभेद पुष्कळ असतात. पण दोन खरी कोठारे कोणालाही उतरवून घेऊन पाहता येतात आणि ती दोन वेगळ्या रीतींनी लावलेली आहेत.

‘मोआना’ या २०१६ च्या चित्रपटातल्या बेटाचे एक दृश्य वॉल्ट डिस्ने अ‍ॅनिमेशन स्टुडिओजने २०१८ मध्ये संशोधकांसाठी खुले केले. त्यात ९ कोटींहून अधिक वेगळे पृष्ठभाग आहेत. झाडे, पाने आणि खडक पुन्हापुन्हा मांडलेले असल्यामुळे अशा मांडण्या सुमारे २ कोटी ८० लाख होतात आणि एकूण आकारांची संख्या १५ अब्जांच्या पुढे जाते. एवढ्या पसाऱ्यात वस्तूंची नावे मात्र मोजकी आणि एकसारखी: `isBayCedarA1`, `isCoral`, `isPalmDead`, `isKava`. सगळे आकार `obj` फोल्डरमध्ये, मांडणीची माहिती `json` मध्ये, पोत `textures` मध्ये, आणि तिन्ही ठिकाणी त्याच नावाचे उपफोल्डर. इथे आधी माहितीचा प्रकार येतो आणि मग वस्तू. तिन्ही फोल्डरांना बांधणारा धागा फक्त नावाचा आहे.

पिक्सारने आपल्या यूएसडी या फाइल-पद्धतीसोबत `Kitchen_set` नावाचे स्वयंपाकघर खुले केले. त्याची रचना उलटी आहे. `assets` फोल्डरमध्ये प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र फोल्डर आहे आणि त्या वस्तूचे सगळे काही त्याच फोल्डरमध्ये. चेंडूच्या `Ball` फोल्डरमध्ये `Ball.usd` ही दर्शनी फाइल आहे आणि प्रत्यक्ष आकार `Ball.geom.usd` मध्ये आहे. बाहेरच्यांनी फक्त दर्शनी फाइलकडे बोट दाखवायचे. आतली मांडणी बदलली तरी बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

तयार दृश्य एकदाच कोणाला सुपूर्द करायचे असेल, तर बेटाची रीत ठीक आहे, कारण आकार वाचणारे सॉफ्टवेअर एकाच फोल्डरकडे पाहते. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या लायब्ररीला स्वयंपाकघराची रीत सोयीची पडते. समई दुसऱ्या शाखेला पाठवायची तर एक फोल्डर उचलायचे. तिची एखादी आवृत्ती बाद करायची तर एकाच ठिकाणी पाहायचे. तीन ठिकाणी विखुरलेल्या फाइल गोळा करताना हमखास एखादी मागे राहते.

दर्शनी फाइल आणि आतले सामान हा भेद आपल्याकडच्या घरांतही आहे: पाहुणा ओसरीवर बसतो, स्वयंपाकघरात शिरत नाही. लायब्ररीतही कामाची जागा आणि सर्वांसाठी मांडलेली जागा वेगळी ठेवावी लागते. वाड्याच्या समईचे फोल्डर असे दिसेल:

```
library/prop/prop_samai_a/
  work/
    prop_samai_a_model_v007.blend
    prop_samai_a_model_v008.blend
  publish/
    v001/
      prop_samai_a.blend
      tex/prop_samai_a_basecolor.png
    v002/
      prop_samai_a.blend
      tex/prop_samai_a_basecolor.png
      notes.txt
```

`work` मध्ये घडवणाऱ्याचा पसारा असतो. तिथे दिवसाला पाच आवृत्त्या झाल्या तरी कोणाला फरक पडत नाही. `publish` मधले मात्र इतर सगळे वापरतात, म्हणून तिथे कामाच्या मानाने फार कमी आवृत्त्या येतात. शॉटची लिंक कधीही `work` कडे जाता कामा नये. आवृत्तीचा आकडा फोल्डरला दिला आहे आणि आतल्या फाइलचे नाव तेच ठेवले आहे. त्यामुळे `v001` वरून `v002` वर जायचे तर पाथमधला एकच तुकडा बदलावा लागतो.

आकडे तीन अंकी का? कारण साध्या अक्षरक्रमात `v10` हे `v2` च्या आधी येते. विंडोजची फाइलखिडकी आकडे समजून क्रम लावते, त्यामुळे कलाकाराला सगळे ठीक दिसते. पण ‘सर्वांत शेवटची आवृत्ती उचल’ असे सांगितलेली स्क्रिप्ट अक्षरे मोजते आणि दहावी आवृत्ती असताना नववी उचलते. `v009` आणि `v010` लिहिले की दोघांचे एकमत होते.

तिसरी आवृत्ती आणि जमिनीत गेलेली समई

वाड्याच्या उदाहरणात आता ही समई बारा शॉटमध्ये आहे, असे धरू. तिची उंची ६२ सेंटिमीटर. पहिली आवृत्ती `v001` निघाली. दिग्दर्शकाला पितळ फार नवे, चकचकीत वाटले, म्हणून पोत थोडा काळवंडून `v002` काढली. बाराही शॉट तिच्यावर आले आणि सगळीकडे समई जुनी दिसू लागली. लायब्ररीचा हाच फायदा अपेक्षित असतो.

मग कोणीतरी समई फिरवायला सोपी जावी म्हणून तिचा मूळबिंदू हलवला. मूळबिंदू म्हणजे वस्तू जिथे ‘ठेवली’ जाते तो बिंदू. आधी तो समईच्या बुडाशी होता, आता मधोमध आला. आकार तोच, पोत तोच. स्वतंत्र फाइलमध्ये पाहिले तर काहीच बदललेले दिसत नाही. ही `v003` शॉटमध्ये शिरली आणि प्रत्येक समई ३१ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर निम्मी, जमिनीत गेली. शॉटमध्ये समईची जागा जमिनीच्या पातळीवर नोंदलेली होती. आता त्या पातळीवर समईचे बूड नाही, मध्य येतो.

या प्रसंगातून बदलांचे दोन गट वेगळे पडतात. पोताचा रंग, खडबडीतपणा, नक्षीचा बारकावा हे बदल वापरणाऱ्याला न विचारता पुढे गेले तरी सहसा चालते. मूळबिंदू, मोजमाप, दिशा, फाइलच्या आतली नावे आणि हाडांची नावे बदलली, तर वापरणाऱ्याचे काम मोडते. दुसऱ्या गटातला बदल खरोखर हवा असेल, तर तो `prop_samai_a` मध्ये करायचा नाही. `prop_samai_c` असा नवा वाण काढायचा. जुन्या शॉटना जुनी समई मिळत राहते.

पण कोणता बदल कोणत्या गटातला हे घडवणाऱ्याला नेहमी ओळखता येत नाही. ते मान्य करूनच आवृत्त्यांचे नियम करावे लागतात. पहिला नियम असा की `publish` मधले फोल्डर एकदा निघाले की त्यात फेरफार करायचा नाही. सर्व्हरवर ते फक्त वाचण्यापुरते खुले ठेवायचे. चूक सापडली तर `v002` दुरुस्त न करता `v003` काढायची. याने ‘काल तर बरोबर होते’ या तक्रारीचा उलगडा करता येतो: कालचा शॉट `v002` वर होता, आजचा `v003` वर आहे आणि दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून फरक पाहता येतो. `v002` वरच नवी फाइल लिहिली असती, तर तुलनेला काही उरले नसते.

दुसरा नियम म्हणजे शॉटने नवी आवृत्ती कधी घ्यायची हे आधी ठरवायचे. सोयीसाठी अनेक जण `latest` नावाचे फोल्डर ठेवतात आणि शॉट त्याला जोडतात. काम सुरू असताना, दिग्दर्शकाला ताजे रूप दाखवायचे असताना, ते ठीक आहे. पण शॉट मंजूर झाला की त्याची लिंक ठरावीक आकड्याला बांधून टाकावी. नाहीतर शेवटचे रेंडर रात्री सुरू असताना कोणी नवी समई मांडली, तर एकाच शॉटच्या पहिल्या शंभर फ्रेममध्ये एक समई आणि पुढच्या फ्रेममध्ये दुसरी दिसू शकते. दिवा अचानक लुकलुकल्यासारखा वाटतो आणि लोक प्रकाशयोजनेत दोष शोधत बसतात.

`notes.txt` मध्ये दोन ओळी पुरतात: काय बदलले आणि का. ‘पितळ काळवंडले, आकार व मूळबिंदू तसेच’ एवढे वाचून शॉटवाला निश्चिंत होतो.

आकडे नावात न घालता दुसरी रीतही आहे. ब्लेंडर स्टुडिओने आपल्या चित्रपटांसाठी एसव्हीएन ही आवृत्ती-व्यवस्था वापरली. तिथे फाइल एकाच साध्या नावाने राहते आणि तिचा सगळा इतिहास सर्व्हर सांभाळतो. फोल्डर स्वच्छ दिसतात. मात्र प्रोग्रामच्या मजकुराप्रमाणे त्रिमितीय फाइलमधले दोघांचे बदल एकमेकांत मिसळता येत नाहीत. दोघांनी एकाच वेळी समई उघडून सुधारली, तर एकाचे काम टाकून द्यावे लागते. म्हणून अशा व्यवस्थेत फाइलला कुलूप लावून काम करतात: एकाने घेतली की दुसऱ्याला फक्त पाहता येते. शिवाय दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहायच्या तर जुनी आधी सर्व्हरवरून मागवावी लागते.

आकड्यांच्या फोल्डरांची किंमत जागेत मोजावी लागते. ४०९६ बाय ४०९६ बिंदूंचे एक चित्र, चार वाहिन्यांचे, न दाबता ठेवले तर साधारण ६४ मेगाबाइट होते. समईला अशी चार चित्रे आणि दहा आवृत्त्या म्हटल्या की अडीच गिगाबाइट झाले. पीएनजीत ते बरेच कमी होते, पण लायब्ररीत वस्तू शेकड्यांनी असतात. त्यामुळे जुन्या आवृत्त्या पुसाव्या लागतात. वय पाहून पुसणे मात्र धोक्याचे, कारण `v001` सर्वांत जुनी असली तरी मागच्या वर्षीचा एखादा मंजूर शॉट तिलाच बांधलेला असतो. आधी सगळ्या शॉटमधल्या लिंकची यादी काढायची आणि जिच्याकडे एकही शॉट बोट दाखवत नाही अशीच आवृत्ती पुसायची. आवृत्त्या ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला असेही नाही. दहाही आवृत्त्या एकाच डिस्कवर असतील, तर डिस्कसोबत दहाही जातात.

नियम पाळतो कोण?

भिंतीवर लावलेला कागद कोणी वाचत नाही. टिकणारा नियम तोच, जो फाइल `publish` मध्ये जाण्याआधी स्क्रिप्ट तपासते. नावाची तपासणी एका ओळीत होते:

```
^(prop|char|set)_[a-z0-9]+_[a-z]$
```

अर्थ असा: तीनपैकी एक प्रकार, मग लहान अक्षरांचा किंवा आकड्यांचा शब्द, मग एका अक्षराचा वाण. `Prop_Samai`, `samai_final` आणि `prop_samai_a (2)` ही तिन्ही नावे इथे अडतात. त्याच स्क्रिप्टने मधला शब्द शब्दयादीत आहे का, मूळबिंदू बुडाशी आहे का, सगळी चित्रे त्याच फोल्डरमध्ये आहेत का आणि आधीच्या आवृत्तीतली आतली नावे तशीच आहेत का, हे पाहायचे. `v003` इथेच अडली असती.

जुनी लायब्ररी आधीच विस्कटलेली असेल, तर एका रविवारी बसून सगळी नावे बदलण्याचा मोह टाळलेला बरा. चालू कामांच्या सगळ्या लिंक एकदम तुटतात. जुने फोल्डर आहे तिथे, आहे त्या नावाने राहू द्यावे आणि फक्त वाचण्यापुरते करावे. नव्या नावाची लायब्ररी शेजारी उभी करून, जी वस्तू पुन्हा वापरायला लागेल तीच नव्या नावाने तिकडे आणावी. कप्पे मात्र हवे तेव्हा बदलता येतात. ब्लेंडरच्या असेट ब्राउझरमध्ये कप्प्यांची यादी `blender_assets.cats.txt` या फाइलमध्ये असते. तिथे प्रत्येक कप्प्याला एक लांबलचक कायमचा क्रमांक असतो आणि वस्तूच्या आत तोच क्रमांक नोंदलेला असतो. ‘दिवे’ या कप्प्याचे नाव ‘देवघर’ केले तरी क्रमांक तोच राहतो आणि समई आपल्या कप्प्यातच सापडते.

नव्याने लायब्ररी सुरू करणाऱ्या स्टुडिओने पहिल्या दिवशी एवढेच करावे: एक शब्दयादी उघडावी आणि तिच्या पहिल्या दोन ओळींत माठ आणि मठ यांची वेगळी रूपे लिहून टाकावीत. पहिली समई घडवण्याआधी हे काम तासाभरात होते. दोनशे वस्तू झाल्यावर त्याच कामासाठी आधी प्रत्येक शॉटच्या लिंक तपासाव्या लागतात.